सरासरी साडेबारा टक्के, मग पैसे गेले कुठे?

ताई, मी दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झाले. मराठी शिकवायचे, गणिताशी फारसं सख्य नाही. पेन्शनमध्ये घर चालतं. १० लाखांची एफडी या महिनाअखेर पिकते आहे. यजमानांच्या ओळखीतले एक गृहस्थ म्हणतात, शेअर्समध्ये घाला. त्यांनी चार वर्षांचा कागद दिलाय: पहिल्या वर्षी ६० टक्के वाढ, दुसऱ्या वर्षी ३५ टक्के घट, तिसऱ्या वर्षी ५५ टक्के वाढ, चौथ्या वर्षी ३० टक्के घट. खाली ठळक अक्षरांत ‘सरासरी वार्षिक परतावा साडेबारा टक्के’. या दराने चार वर्षांत १० चे १६ लाख होतात, असं ते म्हणाले. मी मोबाइलवर एकेक वर्ष करत गेले तर ११ लाख २८ हजारच येतात. चारदा करून पाहिलं. ते म्हणतात, तुमचं काहीतरी चुकतंय. वर आता, तेवढंच कर्ज काढून त्यात घाला, परतावा दुप्पट होईल, असंही सुचवतात. चूक कुणाची?
– एक सेवानिवृत्त शिक्षिका, मिरज

बाई, पाचव्यांदा करू नका. ११ लाख २८ हजार हेच उत्तर बरोबर आहे. गंमत अशी, की त्या गृहस्थांची सरासरीसुद्धा बरोबर आहे. ६० आणि ५५ मिळवा, ३५ आणि ३० वजा करा, चाराने भागा, साडेबाराच येतात. चूक पुढच्या पायरीत आहे. ती सरासरी उचलून त्यांनी चक्रवाढीच्या गणितात घातली आणि तिथे ती चालत नाही.

तुम्ही मोबाइलवर जे आकडे पाहिले तेच जरा सावकाश पाहू. पहिल्या वर्षी १० लाखांचे १६ लाख झाले, म्हणजे ६ लाख वाढले. दुसऱ्या वर्षी ३५ टक्के गेले, पण ते १६ लाखांचे ३५ टक्के होते, म्हणजे ५ लाख ६० हजार. कागदावर ६० मधून ३५ गेले तर २५ उरतात, पण खात्यात उरले फक्त ४० हजार. तिसऱ्या वर्षी १० लाख ४० हजारांवर ५५ टक्के वाढ मिळाली आणि १६ लाख १२ हजार झाले. चौथ्या वर्षी त्या फुगलेल्या रकमेतून ३० टक्के कापले गेले. दरवेळी वाढ लहान रकमेवर मिळते आणि घट मोठ्या रकमेवर बसते. टक्के सारखे दिसतात, पण ते कशाचे टक्के आहेत हे सरासरी काढताना विसरलं जातं.

ती साडेबारा टक्क्यांची सरासरी खरी ठरेल असा एक माणूस आहे. दरवर्षी १ जानेवारीला तो खात्यात बरोब्बर १० लाख ठेवतो. वाढ झाली की वरचे पैसे काढून घेतो, घट झाली की खिशातून तेवढी भर घालतो. त्याला पहिल्या वर्षी ६ लाख मिळतील, दुसऱ्या वर्षी साडेतीन लाख पदरचे घालावे लागतील, तिसऱ्या वर्षी साडेपाच लाख मिळतील आणि चौथ्या वर्षी ३ लाख जातील. हातात निव्वळ ५ लाख, म्हणजे १० लाखांवर वर्षाला साडेबारा टक्के. तुम्ही असं करणार नाही. तुम्ही पैसे घालून स्वस्थ बसणार, आणि स्वस्थ बसणाऱ्याचा दर तुमच्या आकड्यांवरून वर्षाला ३.०७ टक्के निघतो. त्याच चार वर्षांत ७ टक्क्यांच्या एफडीने १० लाखांचे जवळजवळ १३ लाख ११ हजार केले असते.

साडेबारा आणि ३.०७ यांच्यातल्या या फरकाला इंग्रजीत ‘व्होलॅटिलिटी ड्रॅग’ म्हणतात. मी त्याला चढउताराची तूट म्हणते. ही तूट कुणी दलाली म्हणून खाल्लेली नाही, कुठल्या उताऱ्यात तिची नोंदही सापडणार नाही. ती गुणाकारातच आहे.

ती किती असेल याचा अंदाज तोंडी करता येतो. एका वर्षी २० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी २० टक्के घट धरा. सरासरी शून्य. पण १०० चे १२० होतात आणि १२० चे ९६. दोन वर्षांत ४ गेले, म्हणजे वर्षाला साधारण २. आता ४० टक्के वर आणि ४० टक्के खाली घ्या: १०० चे १४०, मग ८४. दोन वर्षांत १६ गेले, वर्षाला साधारण ८. हेलकावा दुप्पट झाला आणि तूट चौपट झाली. हेलकाव्याचा वर्ग करायचा आणि निम्मा करायचा, एवढाच नियम. १० टक्क्यांच्या हेलकाव्याला तूट अर्धा टक्का, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. ३० ला साडेचार टक्के, म्हणजे एफडीच्या व्याजाच्या निम्म्याहून जास्त.

तुमच्या कागदावर दरवर्षीचा परतावा साडेबारापासून सरासरी ४५ टक्के लांब पडतो आहे, कधी वर, कधी खाली. ४५ चा वर्ग केला आणि निम्मा केला तर तूट सुमारे १० टक्के येते. साडेबारातून १० गेले, अडीचच्या आसपास उरले. खरं उत्तर ३.०७ आहे. नियम ढोबळ आहे, फार मोठ्या हेलकाव्यांना तो थोडा चुकतो, पण १६ लाखांचं स्वप्न तपासायला पुरेसा आहे.

कर्जाचा विषय इथेच घेते, कारण वर्गाचा नियम खरा चावतो तो तिथे. समजा एकदाच १० लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी काढलं आणि २० लाख त्यात घातले. त्यांच्याच कागदावरच्या वर्षांतून गेलात तर शेवटी २२ लाख ५७ हजार होतात. त्यातून कर्ज व्याजासह १३ लाख ६० हजार फेडायचं. हातात उरले ९ लाखांच्या आत, म्हणजे मुद्दलालाच खार. आणि ‘परतावा दुप्पट’ ही त्यांची भाषा अक्षरशः घ्यायची, म्हणजे दरवर्षी सुरुवातीला आपल्या रुपयाला उसना एक रुपया जोडत राहायचं, असं धरलं तर आणखी वाईट. मग वर्षं अशी दिसतात: १२० टक्के वाढ, ७० टक्के घट, ११० टक्के वाढ, ६० टक्के घट. सरासरी खरंच दुप्पट, २५ टक्के. पण १० लाखांचे होतात ५ लाख ५४ हजार, आणि यात व्याजाचा एक रुपयाही धरलेला नाही. सरासरी दुप्पट झाली, तूट चौपट झाली आणि दोघींच्या शर्यतीत तूट जिंकली. कर्जाला माझा नकार आहे, त्यात ‘पण’ नाही.

तुम्ही म्हणाल, हा कागद कुणीतरी मुद्दाम टोकाचा निवडला असेल. मग सगळ्यांना ठाऊक असलेला सेन्सेक्स घेऊ. २००७ संपताना तो २०,२८७ वर होता. जागतिक मंदीच्या २००८ मध्ये ५२.४ टक्के पडून ९,६४७ वर आला. २००९ मध्ये ८१ टक्के चढून १७,४६५ झाला आणि २०१० मध्ये आणखी १७.४ टक्के चढून २०,५०९ वर थांबला. तीन वर्षांची सरासरी काढा, वर्षाला १५.३ टक्के येतात. छापायला झकास आकडा, आणि खोटाही नाही. या दराने १० लाखांचे तीन वर्षांत १५ लाख ३० हजारांच्या वर व्हायला हवेत. झाले १० लाख ११ हजार. लाभांश वेगळा मिळाला असेल, पण तो वर्षाला टक्का-दीड टक्क्याची भर घालतो, ५ लाखांचा खड्डा त्याने भरत नाही.

याच तीन वर्षांवर मी एक हिशेब बऱ्याच जणांना करून दाखवते, कारण तो पहिल्यांदा ऐकताना खोटा वाटतो. समजा एका बाईंनी २००८ च्या सुरुवातीला ५ लाख सेन्सेक्सच्या फंडात घातले आणि ५ लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत. दरवर्षाच्या शेवटी दोन्ही मिळवून पुन्हा निम्मे-निम्मे करायचे, एवढाच नेम. कर आणि खर्च सध्या बाजूला ठेवू.

२००८ अखेर शेअर्सचे ५ लाख २ लाख ३८ हजारांवर आले, ठेव ५ लाख ३५ हजार झाली. एकूण ७ लाख ७३ हजार. नेमाप्रमाणे दोन्हीकडे ३ लाख ८६ हजार करायचे, म्हणजे ठेवीतून सुमारे दीड लाख काढून शेअर्समध्ये टाकायचे. २००९ अखेर शेअर्सचे ६ लाख ९९ हजार झाले, ठेवीचे ४ लाख १३ हजार, एकूण ११ लाख १३ हजार. पुन्हा निम्मे केले, या वेळी शेअर्समधून काढून ठेवीत. २०१० अखेर दोन्ही मिळून १२ लाख ४९ हजार.

आता तिघींना शेजारी उभं करा. सगळे पैसे शेअर्समध्ये घालणारीचे १० लाख ११ हजार. सगळे ठेवीत ठेवणारीचे १२ लाख २५ हजार. निम्मे-निम्मे करणारीचे १२ लाख ४९ हजार, दोघींपेक्षा जास्त. तिची साधी सरासरी होती ११.२ टक्के, शेअरवालीच्या १५.३ पेक्षा बरीच कमी. पण शेअरवालीची जवळजवळ सगळी सरासरी चढउतारात गेली, कारण तिने ५२ टक्क्यांची घट अंगावर घेतली. निम्मे-निम्मेवालीची पहिल्या वर्षाची घट २३ टक्क्यांच्या आत राहिली. म्हणून तिला ११.२ पैकी ७.७ टक्के प्रत्यक्ष हातात आले.

यातला अवघड भाग गणिताचा नाही. तो दीड लाखाचा बदल करायचा होता २००८ सरताना, बाजार निम्म्याहून खाली असताना. त्यानंतर आठवडाभरात, ७ जानेवारी २००९ ला, सत्यम या मोठ्या संगणक कंपनीच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचं कबूल केलं. त्या दिवसांत ठेव मोडून शेअर्स घेणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. माझ्याही हातून त्या वेळी तो बदल पूर्ण झाला नाही. अर्धाच केला आणि बाकीचं ‘जरा बघू’ म्हणत ठेवलं, तोवर मे महिन्यात निवडणुकीच्या निकालानंतरच्या सोमवारी सेन्सेक्स एका दिवसात १७ टक्के उडाला. म्हणून आता मी लोकांना हे काम स्वतःच्या हिमतीवर सोपवायला सांगत नाही. शेअर्स आणि रोखे दोन्ही एकाच फंडात ठेवणाऱ्या हायब्रिड योजना असतात, त्यात हा तोल फंड व्यवस्थापक सांभाळतो. ‘ॲग्रेसिव्ह हायब्रिड’ असं नाव असेल तर शेअर्सचा वाटा ६५ ते ८० टक्के असतो, तो तुम्हाला जास्त वाटू शकेल. ‘बॅलन्स्ड हायब्रिड’मध्ये ४० ते ६० टक्के. फंडाच्या आतल्या खरेदी-विक्रीवर तुम्हाला दरवर्षी कर भरावा लागत नाही, हाही फायदा.

पण हा हिशेब दाखवून मी तुम्हाला फसवू नये म्हणून दुसरी बाजूही सांगते. निम्मे-निम्मे दरवेळी जिंकत नाहीत. २००३ ते २००७ या पाच वर्षांत सेन्सेक्स एकाही वर्षी पडला नाही. ३,३७७ चा २०,२८७ झाला, सहापट. त्या काळात दरवर्षी शेअर्समधून काढून ठेवीत घालणारीने मोठा मलिदा सोडला. सरळ चढणाऱ्या बाजारात निम्मे-निम्मेवाली मागे पडते, हिंदकळणाऱ्या बाजारात पुढे येते. शिवाय दोन्ही बाजूंचा परतावा फारच विषम असेल, तर तूट वाचवूनही ती गाठू शकत नाही. तूट कमी करणं म्हणजे परतावा निर्माण करणं नव्हे.

एक आक्षेप हुशार विक्रेते घेतात, तो तुमच्यासमोर येण्याआधी सांगून ठेवते. ते म्हणतात, ‘मागचं सोडा, पुढची अपेक्षा सरासरीचीच धरतात.’ यात तथ्य आहे, पण ते कुणासाठी हे बघावं लागतं. समजा दरवर्षी नाणं उडवायचं: छापा आला तर ५० टक्के वाढ, काटा आला तर ३० टक्के घट. सरासरी १० टक्के. चार मैत्रिणींनी १०० रुपये घातले आणि दोन वर्षांत चार वेगवेगळी नशिबं चौघींच्या वाट्याला आली. दोन्ही वेळा छापा आलेलीचे २२५ झाले. एकदा छापा, एकदा काटा आलेल्या दोघींचे प्रत्येकी १०५. दोन्ही वेळा काटा आलेलीचे ४९. चौघींची बेरीज ४८४, सरासरी १२१, म्हणजे बरोबर १० टक्क्यांची दोन वर्षांची चक्रवाढ. सरासरी खरी निघाली, पण चौघींपैकी तिघी तिच्या खाली आहेत. एकीच्या २२५ नी सगळ्यांची सरासरी वर ओढली. वर्षं वाढवत गेलात तर वर ओढणाऱ्या अशा भाग्यवान आणखी विरळ होत जातात आणि मधल्या मैत्रिणीचा दर अडीच टक्क्यांच्या आसपासच रेंगाळतो. तुम्हाला नाणं चौघींसाठी उडवायचं नाही, एकीसाठीच उडवायचं आहे.

आता कागद कसा वाचायचा ते. म्युच्युअल फंडाच्या माहितीपत्रकात एका वर्षापेक्षा जास्त काळाचा परतावा ‘सीएजीआर’ म्हणून दिलेला असतो. तो चक्रवाढीचाच दर असतो, म्हणजे चढउताराची तूट त्यात आधीच वजा झालेली असते. माझा हा लेख वाचून त्यातून पुन्हा तूट वजा करू नका. मागे एकदा या विषयावर लिहिलं तेव्हा दोन वाचकांनी नेमकं तेच केलं आणि बऱ्या फंडांना नाकारलं. तिथेच ‘स्टँडर्ड डेव्हिएशन’ नावाचा आकडा असतो, तोच आपला हेलकावा. दोन फंडांचा सीएजीआर सारखा असेल तर ज्याचा हा आकडा लहान, तिथे झोप बरी लागते.

जिथे नुसता ‘सरासरी परतावा’ लिहिलेला असतो आणि सुरुवातीची व शेवटची रक्कम कुठेच नसते, तिथे थांबायचं. एकेका वर्षाचे आकडे असतील तर मोबाइलवर गुगल शीट किंवा एक्सेल उघडून हे घाला. ६० टक्के वाढ म्हणजे १.६०, ३५ टक्के घट म्हणजे ०.६५, याप्रमाणे:

```
=GEOMEAN(1.60,0.65,1.55,0.70)-1
```

उत्तर ०.०३०७ येईल, म्हणजे ३.०७ टक्के. वर्षांचा क्रम बदलून पाहा, उत्तर बदलणार नाही. एकरकमी घातलेल्या पैशाला घट आधी आली काय आणि नंतर आली काय, गुणाकार तोच. मात्र दरमहा पैसे काढत असाल तर क्रमाने फार फरक पडतो आणि सुरुवातीची घट जबर महाग पडते. तुमचं घर पेन्शनवर चालतं म्हणून ते प्रकरण इथे काढत नाही. पण या १० लाखांतून पुढच्या चार-पाच वर्षांत कुणाचं लग्न, डोळ्यांचं ऑपरेशन, घराची डागडुजी असं काही निघणार असेल, तर तेवढी रक्कम आधीच वेगळी काढून एफडीत राहू द्या आणि उरलेल्याचाच विचार करा.

त्या गृहस्थांना दोन गोष्टी विचारा, शक्यतो यजमानांसमोर. पहिली, या योजनेत चार वर्षांपूर्वी १० लाख घातलेल्या माणसाच्या खात्यात आज किती आहेत, तो उतारा नाव झाकून दाखवा. दुसरी, सेबीचा नोंदणी क्रमांक कोणता. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक INA ने सुरू होतो, पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्याचा INP ने, आणि म्युच्युअल फंड विकणाऱ्याकडे ARN क्रमांक असतो. तो सेबीच्या किंवा ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर तुम्हीच तपासा, त्यांनी दाखवलेल्या कार्डावर जाऊ नका. उत्तरं यायला महिना उलटला तरी बिघडत नाही. तोवर एफडी पिकली की बँकेत जाऊन तीच रक्कम पाच-पाच लाखांच्या दोन पावत्या करून एक वर्षासाठी ठेवा, म्हणजे पुढे निम्मे काढावेसे वाटले तर एकच मोडावी लागेल.